कंपनीच्या पेजवर नव्या सहकाऱ्याचं स्वागत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळच्या एमआयडीसीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. माणसं दीडशेच्या आसपास. एचआरचं काम सांभाळून कंपनीच्या लिंक्डइन पेजवर नव्या माणसांच्या स्वागताच्या पोस्ट मीच लिहिते. शेजारच्या कारखान्यांतली एचआरची मंडळी आणि आमच्याकडचे विभागप्रमुख गेली काही वर्षं जे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

१. स्वागताच्या पोस्टमध्ये नेमकं काय असावं आणि ती किती लांब असावी?

चार गोष्टी पुरतात: नाव, इथे ते काय काम करणार, कुठे किंवा कोणाबरोबर भेटतील, आणि त्यांच्याबद्दलची एक छोटी वैयक्तिक गोष्ट. शेवटी "स्वागत आहे" म्हटलं की झालं. हे सगळं साठ ते नव्वद शब्दांत बसतं. लिंक्डइन एका पोस्टला तीन हजार अक्षरांपर्यंत जागा देतं, पण फीडमध्ये सुरुवातीच्या दोनतीन ओळीच दिसतात आणि बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. त्यामुळे "आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की" अशी सुरुवात केली, तर दिसणारी जागा आपल्या आनंदातच संपते आणि नवा माणूस घडीखाली जातो. पहिला शब्द त्यांचं नाव असू द्या.

काम सांगताना नुसतं पदनाम लिहू नका. "असिस्टंट मॅनेजर, एससीएम" वाचून बाहेरच्याला काही कळत नाही आणि आतल्यालाही थोडंच कळतं. "कच्चा माल वेळेवर गेटच्या आत येतो की नाही, हे आता हे पाहतील" असं लिहिलं की स्टोअरमधल्या माणसालाही समजतं की उद्या कोणाचा फोन येणार आहे.

२. वैयक्तिक गोष्ट विचारली की सगळे "काही खास नाही" म्हणतात. मग काय करायचं?

प्रश्न बदलायचा. "तुमचे छंद काय?" हा नोकरीच्या मुलाखतीतला प्रश्न आहे, त्यामुळे त्याला उत्तरही मुलाखतीतलंच येतं: वाचन, ट्रेकिंग, जुनी गाणी. यातलं काही खोटं नसतं, पण त्यातून माणूस दिसत नाही. जॉइनिंगच्या फॉर्ममध्ये "छंद" असा रकाना ठेवून तोच मजकूर पोस्टमध्ये उतरवला, तर वर्षभरातल्या सगळ्या पोस्ट एकाच माणसाच्या वाटतात. आमच्या पहिल्या वर्षीच्या पोस्ट तशाच होत्या.

आता मी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहाला बसते आणि दोनच गोष्टी विचारते. पहिली, "नातेवाईक किंवा मित्र कुठल्या कामासाठी हमखास तुम्हालाच फोन करतात?" दुसरी, "डब्यात काय असलं की तुम्ही कोणाला वाटत नाही?" पहिल्या प्रश्नाला उत्तरं येतात ती अशी: गाडी सुरू होत नसली की, गणपतीची मखर करायची असली की, लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर लिहायचा असला की. दुसऱ्या प्रश्नावर माणूस हसतो, आणि हसला की पुढचं आपोआप बोलतो. बोलणं चालू असताना मी वही काढत नाही. जागेवर परतल्यावर मात्र त्यांनी वापरलेले शब्द लगेच लिहून ठेवते. "मला स्वयंपाकाची आवड आहे" यापेक्षा "माझ्या हातची आमटी आईला पण जमत नाही" हे त्यांचं स्वतःचं वाक्य पोस्टला जास्त उपयोगी असतं.

३. कोणती गोष्ट 'हलकी' म्हणायची? कुठे थांबायचं?

मी एक साधी कसोटी लावते. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ही गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली असती का? असती, तर ती पोस्टमध्ये चालेल. ओळखीच्या माणसालाही विचार करून सांगितली असती, तर ती चहाच्या टेबलावरच राहू द्यायची.

काही गोष्टी मी विचारतही नाही आणि न विचारता सांगितल्या तरी लिहीत नाही. लग्न, मुलं, तब्येत, वय. मुलांची नावं आणि शाळा तर कधीच नाही, कारण मुलांनी कोणाला परवानगी दिलेली नसते. जन्मतारीख, पाळीव कुत्र्याचं नाव, पहिली शाळा हे वरवर निरुपद्रवी वाटतं, पण अनेकांचे पासवर्ड आणि खात्यांचे सुरक्षेचे प्रश्न यावरच उभे असतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट जपावी लागते. खाणं, उपवास, कुलदैवत, मूळ गाव यांतून आडनावाच्या जोडीने जात-धर्म लगेच ओळखू येतो. नव्या माणसाच्या ओळखीची सुरुवात तिथून व्हावी असं त्याला वाटत असेलच असं नाही. एखादा अभिमानाने सांगतो की मी दरवर्षी वारीला जातो, हे जरूर लिहा. तेव्हा मी खुशाल लिहिते. पण ते त्यांनी म्हणायला हवं. मी अंदाजाने किंवा त्यांच्या फेसबुकवर पाहून लिहिणार नाही.

४. कच्च्या मसुद्यापासून शेवटच्या पोस्टपर्यंतचं एक उदाहरण दाखवाल का?

हे सगळ्यात जास्त वेळा मागितलं जातं, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी हे वाचून हो म्हटलं आहे, तरी नाव गाळलं आहे.

आमच्या क्वालिटी विभागात एक इंजिनिअर रुजू झाल्या. विभागप्रमुखांनी मला पाठवलेला मजकूर असा होता:

"आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की, (नाव) या आमच्या परिवारात क्वालिटी इंजिनिअर या पदावर रुजू झाल्या आहेत. त्यांना या क्षेत्रातील सहा वर्षांचा दांडगा अनुभव असून त्या अत्यंत मेहनती व उत्साही आहेत. त्यांना ट्रेकिंगची आवड आहे. त्यांच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!"

यात मनापासून लिहिलेलं बरंच आहे, पण शेवटचं वाक्य पाहा. "पुढील वाटचालीस शुभेच्छा" आपण निरोपसमारंभात म्हणतो. काल आलेल्या माणसाला ते म्हटलं की जणू शाल-श्रीफळ देऊन बोळवण केल्यासारखं होतं. "मेहनती व उत्साही" हे दुसऱ्या दिवशी कोणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे ते कौतुक म्हणूनही पोचत नाही. "परिवार" हा शब्द मी टाळते. घरचं माणूस आणि नोकरीचं माणूस यांच्यात फरक आहे, आणि पगारवाढ मागायची वेळ आली की तो दोघांनाही आठवतो.

मी त्यांच्याबरोबर चहाला बसले. ट्रेकिंग म्हणजे सिंहगड हे कळलं. दर रविवारी पहाटे सहाला आतकरवाडीच्या वाटेने त्या एकट्या चढायला सुरुवात करतात, आणि वर मडक्यातलं दही खाल्ल्याशिवाय कधीही उतरत नाहीत. मला फार आवडलं. मी लगेच दुसरा मसुदा लिहिला, त्यात रविवार, पहाटे सहा, आतकरवाडी, एकट्या, सगळं आलं. जिवंत वाटत होतं.

संध्याकाळी घरी जाताना लक्षात आलं की मी काय लिहून ठेवलंय. एक बाई, फोटोसकट, पूर्ण नावासकट, दर आठवड्याला ठरावीक वेळी ठरावीक पायवाटेवर एकटी असते. पेज कोणीही पाहू शकतं. शिवाय त्या वेळी घरी कोण नसतं तेही त्यात आलंच. त्याच मसुद्यात मी "दुसऱ्या शिफ्टला लाईनवर भेटतील" असंही लिहिलं होतं, म्हणजे रात्री कारखान्यातून त्या किती वाजता बाहेर पडतात हे कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी वार, वेळ, वाट आणि शिफ्ट काढली. उरलं ते असं:

"(नाव) सोमवारपासून आमच्या क्वालिटी विभागात आहेत. लेथवरून उतरलेला प्रत्येक शाफ्ट पॅकिंगला जाण्याआधी आता त्यांच्या मायक्रोमीटरखालून जाईल. याआधी सहा वर्षं त्यांनी हेच काम गिअरच्या कारखान्यात केलं आहे. सिंहगड कितीदा चढल्या हे मोजणं त्यांनी सोडून दिलंय, पण वर जाऊन मडक्यातलं दही न खाता त्या एकदाही उतरलेल्या नाहीत. दह्यात साखर की मीठ, हे त्यांनाच भेटून विचारा. (नाव), स्वागत आहे!"

दही राहिलं आणि पत्ता गेला. तपशील जितका बारीक तितका तो चांगला, हे खरंच आहे. फक्त तो चवीचा, हाताचा, सवयीचा असावा, घड्याळाचा आणि नकाशाचा नसावा. शेवटून दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलं, कारण त्याने शॉपफ्लोअरवरच्या माणसाला बोलायला निमित्त मिळतं. त्या आठवड्यात त्यांना चौघांनी थांबवून साखर की मीठ विचारलं. त्यातल्या एकाचा आणि त्यांचा कामाचा संबंध पुढे रोजचा होता, आणि त्याची सुरुवात दह्याने झाली.

५. "रुजू झाली", "झाल्या" की "झाले"? अहो-जाहो करायचं का?

कंपनीच्या पेजवर कायम आदरार्थी बहुवचन: पुरुष असेल तर "रुजू झाले आहेत", स्त्री असेल तर "रुजू झाल्या आहेत". वीस वर्षांचा आयटीआयचा मुलगा असला तरी. कारखान्यात पुढे सगळे त्याला अरे-तुरे करतीलच, पण पेजवर पहिल्या दिवशी त्याला "झाला आहे" आणि त्याच आठवड्यात आलेल्या मॅनेजरला "झाले आहेत" असं लिहिलं, तर तो फरक तो मुलगा आणि त्याच्या घरचे नक्की वाचतात.

शेवटच्या ओळीत थेट हाक मारायची असेल, तर नाव लिहून "स्वागत आहे" इतकंच म्हणा. "तुझं" की "तुमचं" हा प्रश्नच येत नाही. ताई, दादा, सर, मॅडम हे प्रतिक्रियांमध्ये सहकाऱ्यांनी लिहावं, ते तिथे शोभतं.

मराठी क्रियापद प्रत्येक वेळी स्त्री की पुरुष हे विचारतं, आणि कधी एखाद्या व्यक्तीचं उत्तर कागदपत्रांवरच्या उत्तरापेक्षा वेगळं असतं. अशा वेळी त्यांनाच विचारायचं आणि ते सांगतील तसं लिहायचं. "आमच्या टीममध्ये (नाव) यांचं स्वागत" अशी रचना केली तर क्रियापद टाळताही येतं. मात्र ते टाळावं की नाही, हेही त्यांनीच ठरवायचं.

६. नावाआधी श्री., सौ., कु. लावायचं का? नाव पूर्ण लिहायचं का?

नाही लावायचं. "सौ." आणि "कु." यांनी बाईचं लग्न झालंय की नाही हे सांगितलं जातं, आणि पुरुषाच्या "श्री." मधून तसं काही कळत नाही. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, हे आधार कार्डावर आहे म्हणून पोस्टमध्ये येऊ नये. ज्यांना नाव आणि आडनाव एवढंच हवं आहे त्यांना तेवढंच, ज्यांना आईचं नाव लावायचं आहे त्यांना तसं.

देवनागरीत नाव कसं लिहितात हे त्यांच्याकडून लिहून घ्या. इंग्रजी स्पेलिंगवरून आशिष की आशीष, श्रुती की श्रृती, दिप्ती की दीप्ती हे कळत नाही. शुद्धलेखनाच्या नियमाने बरोबर काय ते वेगळं. नाव त्या माणसाचं आहे, तो लिहील ते बरोबर.

७. पोस्ट मराठीत लिहावी की इंग्रजीत?

पेजवर ग्राहक बाहेरचे असतील तर दोन्हीत. आधी मराठी, खाली दोन ओळी इंग्रजीत. भाषांतर नको, इंग्रजीत फक्त नाव, काम आणि स्वागत. दह्याची गोष्ट इंग्रजीत नेली की ती समजावून सांगावी लागते, आणि समजावली की तिची मजा जाते.

नवा सहकारी मराठी नसेल तर मराठी मजकूर त्यांना वाचून दाखवून, अर्थ सांगूनच टाका. स्वतःबद्दल आपल्याला न कळणाऱ्या भाषेत काय लिहिलंय ही धाकधूक पहिल्या आठवड्यात कोणाला नको. आणि "आता ते पक्के पुणेकर होणार" असं लिहू नका. ते जिथले आहेत तिथलेच राहू द्या.

८. फोटो कसा असावा?

पासपोर्टचा नको, कामाच्या जागेचा हवा. फोनवर काढलेला चालतो, चौकोनी म्हणजे १०८० बाय १०८० पिक्सेल केला की मोबाईलवर नीट दिसतो.

खरी चूक चेहऱ्याच्या मागे होते. फोटो मोठा करून मागची भिंत पाहा. फळ्यावर ग्राहकाचं नाव आणि महिन्याचं प्रॉडक्शन लिहिलेलं असतं, टेबलावर ड्रॉइंग उघडं असतं, गळ्यातल्या ओळखपत्रावर कर्मचारी क्रमांक वाचता येतो. शॉपफ्लोअरवर फोटो काढत असाल तर सेफ्टी शूज आणि गॉगल घातलेले आहेत ना ते बघा. आमच्या एका पोस्टवर पहिली प्रतिक्रिया ग्राहकाच्या ऑडिटरची होती, आणि ती स्वागताची नव्हती: नव्या ऑपरेटरने गॉगल घातला नव्हता. बिचाऱ्या त्या मुलाचा काही दोष नव्हता, फोटो मी काढला होता.

लिंक्डइनवर मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, पण टाकलेला फोटो बदलता येत नाही. पूर्ण पोस्ट काढून पुन्हा टाकावी लागते. म्हणून ही तपासणी आधीच करायची.

फोटोला पर्यायी मजकूर देण्याची सोय असते, ती वापरा. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन तो वाचून दाखवतो. "निळ्या ॲप्रनमध्ये मापनटेबलाशी उभ्या असलेल्या (नाव)" एवढं पुरे.

९. परवानगी तोंडी घेतली तर चालते का?

लेखी घ्या, आणि ती पोस्ट दाखवून घ्या. नेमणूकपत्रातल्या बारीक अक्षरांत "कंपनी माझा फोटो वापरू शकते" असं एक कलम असतं आणि लोक त्यावर विसंबतात. पण ती सही नोकरी मिळवण्यासाठी केलेली असते, या पोस्टसाठी नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमती कशी असावी हे सांगतो: स्वेच्छेने दिलेली, कशासाठी ते नेमकं कळून दिलेली, आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येणारी. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

मी शेवटचा मजकूर आणि फोटो मेलवर पाठवते आणि तीन ओळी लिहिते: हे अमुक दिवशी कंपनीच्या पेजवर जाईल, कोणीही पाहू शकेल, यातलं काहीही बदलायचं किंवा काढायचं असेल तर कळवा, कारण सांगायची गरज नाही, पोस्ट टाकायचीच नसेल तरी चालेल. उत्तरात "ओके" आलं की मगच टाकते. उत्तर आलं नाही तर ते "हो" समजत नाही. नवीन माणसाला एचआरला नाही म्हणणं जड जातं, म्हणून "टाकायचीच नसेल तरी चालेल" हे वाक्य मी प्रत्येक वेळी लिहिते.

१०. पोस्ट कधी टाकायची? पहिल्याच दिवशी?

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. रुजू होण्याआधी तर मुळीच नाही. ऑफर स्वीकारूनही माणूस ऐन वेळी येत नाही हे नेहमी घडतं, आणि आधीच्या कंपनीतून रिलीव्हिंग लेटर हातात यायचं असेल तर आपल्या पोस्टमुळे त्यांची तिथे अडचण होऊ शकते. पहिल्या दिवशी टाकायचं म्हटलं की मजकूर आदल्या आठवड्यात बायोडेटावरून लिहावा लागतो, आणि मग प्रश्न २ मधला चहा राहून जातो.

आधीच्या कंपनीचं नाव लिहायचं असेल तर त्यांना विचारून. "अमुक कंपनी सोडून आमच्याकडे आले" या सुरात कधीच नको. वर उदाहरणात "गिअरच्या कारखान्यात" एवढंच आहे ते म्हणूनच.

११. टॅग करायचं का? आणि प्रतिक्रियांचं काय?

@ लिहून नाव टाकलं की सूचना त्यांना जाते आणि त्यांच्या ओळखीचे लोकही पोस्ट पाहतात. त्यांना हवं असेल तर करा. काहींनी प्रोफाइलवर नवी नोकरी अजून लिहिलेली नसते, कारण घरी किंवा जुन्या सहकाऱ्यांना सांगायचं बाकी असतं. अनेक ऑपरेटरांचं लिंक्डइनवर खातंच नसतं. त्यांना पोस्टचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा, तो गावाकडे पोचतो.

पहिली प्रतिक्रिया त्यांच्या थेट वरिष्ठांची असावी, आणि "अभिनंदन" पेक्षा काहीतरी जास्त असावी. मी विभागप्रमुखांना आदल्या दिवशी मजकूर पाठवून ठेवते आणि एक ओळ लिहायला सांगते. दह्याच्या पोस्टवर आमच्या विभागप्रमुखांनी लिहिलं, "मीठ. यावर चर्चा नाही." बाकीच्या प्रतिक्रिया त्यावरच आल्या.

१२. पोस्टनंतर नव्या माणसाला "साहेबांचा" मेसेज आला. हे काय आहे?

फसवणूक. कंपन्यांच्या स्वागताच्या पोस्ट वाचून हे लोक नवा माणूस कोण, त्याचा वरिष्ठ कोण हे शोधतात. मग एमडींचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून मेसेज येतो: "मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, एका क्लायंटसाठी गिफ्ट व्हाउचर लगेच घेऊन कोड पाठवा." जुना माणूस हसून सोडून देतो. नव्याला साहेबांचा आवाज, नंबर, सवय काहीच माहीत नसतं, आणि पहिल्या आठवड्यात नाही म्हणायची हिंमत नसते.

म्हणून पोस्टमध्ये मोबाईल नंबर, ईमेल किंवा "थेट एमडींना रिपोर्ट करतील" असं काही लिहू नका. आणि परवानगीच्या मेलमध्येच एक ओळ घाला: आमच्याकडे कोणीही, कितीही मोठा असला तरी, व्हॉट्सॲपवर पैसे किंवा व्हाउचर मागत नाही, असा मेसेज आला तर मला फोन करा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

१३. एकाच दिवशी सातजण रुजू झाले तर एकच पोस्ट चालेल का?

चालेल, पण प्रत्येकाला स्वतःची एक ओळ आणि स्वतःची एक गोष्ट मिळाली पाहिजे. सातजणांचा एकत्र फोटो आणि खाली "आमचे नवे सहकारी" असं लिहिलं, तर ते मोजणी केल्यासारखं होतं. क्रम पहिल्या नावाच्या अक्षरांप्रमाणे लावा, पदाप्रमाणे नको. सात चहा एका दिवसात होत नाहीत, आठवडा घ्या.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही स्वागत फक्त इंजिनिअर आणि त्याच्या वरच्यांचं करत होतो. मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, पण होत तसंच होतं. एका जुन्या सेटरने मला विचारलं, "मॅडम, आमच्यातला कोणी नवीन येतच नाही का?" त्या दिवसापासून अप्रेंटिस, ड्रायव्हर, कॅन्टीनचे आचारी, सगळ्यांची पोस्ट असते, आणि लांबी सारखीच असते. कंत्राटदारामार्फत आलेल्या सिक्युरिटीच्या मंडळींचंही करतो. मात्र कंत्राटदाराला विचारून, कारण ते आमच्या पगारपत्रकावर नसतात आणि मजकुरात "आमच्या कंपनीत रुजू" असं लिहून चालत नाही. "आता आमच्या गेटवर" हे बरोबर.

१४. त्यांना पोस्ट नकोच आहे. मग स्वागत कसं करायचं?

कारण न विचारता ते मान्य करायचं. कोणी लाजाळू असतं, कोणाला नको असलेलं माणूस शोधत असतं, कोणाच्या घरी नोकरीवरून वाद चाललेला असतो. आतल्या नोटीस बोर्डावर नाव आणि विभाग लावू का, एवढं विचारा. तेही नको असेल तर विभागप्रमुखांनी दहा मिनिटं बरोबर फिरून लाईनवर ओळख करून द्यावी. प्रश्न २ मधला चहा मी तरीही घेते.

१५. ज्यांच्या जागेवर आले, ते नुकतेच वारले किंवा त्यांना काढून टाकलं आहे. पोस्टमध्ये उल्लेख करावा का?

नाही. दोन्ही वेळा नाही. आमच्या टूलरूममधले एक जुने मेस्त्री अचानक गेले, आणि तीन महिन्यांनी त्यांच्या जागी नवे आले. विभागातल्या मुलांना वाटत होतं की पोस्टमध्ये मेस्त्रींना आदरांजली असावी. मी त्यांना म्हटलं, आदरांजलीची वेगळी पोस्ट करू, ती आधीच करायला हवी होती. नव्या माणसाच्या स्वागतात ती घातली तर तो पहिल्याच दिवशी मेस्त्रींशी तुलनेला उभा राहतो, आणि त्याला त्यातून कधीच सुटता येत नाही. आधी मेस्त्रींची पोस्ट गेली. पंधरा दिवसांनी नव्यांची. तिच्यात "जागी" हा शब्दही नव्हता.

१६. पोस्टमध्ये चूक झाली, किंवा माणूस महिन्याभरात सोडून गेला. पोस्ट काढायची का?

नावाची किंवा पदाची चूक असेल तर लगेच दुरुस्त करा आणि त्यांना फोन करून सांगा. वैयक्तिक गोष्टीत चूक असेल, म्हणजे त्यांनी न म्हटलेलं काही गेलं असेल किंवा नंतर त्यांना नको वाटलं असेल, तर पोस्टच काढा. दुरुस्त केलेली पोस्ट ज्यांनी आधी वाचली त्यांच्या डोक्यात जुनीच राहते. काढली की खालच्या प्रतिक्रियाही जातात, म्हणून त्यांचा स्क्रीनशॉट घेऊन आधी त्यांना पाठवा.

सोडून गेले तर मात्र आपणहून काढू नका. घाईने काढलेली पोस्ट लोकांच्या लक्षात येते आणि नसलेल्या भांडणाची कुजबुज सुरू होते. जाणाऱ्याला एक मेसेज करा: पोस्ट ठेवू की काढू? आमच्याकडे असं तीनदा झालं. दोघांनी काढा म्हटलं, त्याच दिवशी काढली. तिसऱ्याने लिहिलं, राहू द्या मॅडम, माझा चांगला फोटो तेवढा एकच आहे. ती पोस्ट अजून आहे.